दंडात सैल, खालून आखूड: एका ब्लाउजच्या निरोपाचं प्रकरण

माझ्याकडे नवीन शिलाईपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त येतं. दुसरीकडे शिवलेला ब्लाउज अंगात नीट बसत नाही, म्हणून लोक तो माझ्याकडे देतात. बरेचदा ब्लाउज येतो, पण बाई येत नाही. कुणाच्या तरी हाती पिशवी पाठवलेली असते आणि मागाहून फोनवर निरोप येतो. तो निरोप नीट असेल तर काम सरळ होतं. तो अर्धवट असेल तर मात्र चांगल्या ब्लाउजची वाट लागू शकते, कारण उसवलेलं परत शिवता येतं, पण कापलेलं जोडता येत नाही. म्हणून असंच एक प्रकरण पहिल्या निरोपापासून शेवटच्या हुकापर्यंत सविस्तर लिहिते आहे.

ब्लाउज रेशमी होता. आतून सुती अस्तर, कोपरापर्यंत बाही, बाहीच्या तोंडाला साडीचाच दोन इंची जरीकाठ, पुढे हुक. कटोरी नव्हती, साधे टक्स होते. सोबत आलेला निरोप असा:

«ताई, ब्लाउज पाठवलाय. हाताला घट्ट होतोय आणि उंची जास्त वाटते. थोडा सैल आणि थोडा आखूड करून द्या.»

लिहिणारीला यात सगळं स्पष्ट वाटत असतं, कारण तिने तो घालून पाहिलेला असतो. माझ्यासमोर मात्र तो टेबलावर सपाट पडलेला आहे. «हाताला घट्ट» म्हणजे बाहीच्या तोंडाशी, म्हणजे मोहरीत, की वर दंडात, की बाही अंगाला जोडतात त्या मुंढ्यात? ही तीन वेगवेगळी कामं आहेत. «उंची» म्हणजे बाहीची की ब्लाउजची? कोपरापर्यंतच्या बाहीत हा गोंधळ हमखास होतो, कारण बाही आखूड करायला सांगणारेही «उंची कमी करा» असंच म्हणतात. आणि «थोडा» म्हणजे पाव इंच, की दीड?

म्हणून मी लगेच कात्री उचलली नाही, उलट विचारलं. «ताई, हात खाली सोडून उभ्या राहा आणि सांगा, कुठे रुततंय? मोहरीत बोट जातं का? आणि हात वर केला की काय होतं?»

उत्तर आलं, की मोहरीत दोन बोटं सहज जातात, पण वरच्या दंडावर कापड ताणून बसतं, आडव्या सुरकुत्या पडतात आणि ब्लाउज काढल्यावर दंडावर शिवणीचा वळ राहतो. हात वर केला की ब्लाउज जरा वर सरकतो, पण खाली आणला की परत जागेवर येतो.

हे उत्तर फार उपयोगाचं होतं. दंडाभोवती आडव्या सुरकुत्या दिसत असतील आणि मोहरी मोकळी असेल, तर घेर दंडातच कमी आहे. याउलट हात खाली असताना सगळं ठीक, पण हात उचलताच बाही खेचली जाऊन अख्खा ब्लाउज छातीवर चढत असेल, तर दोष बहुतेक मुंढ्याचा असतो. मुंढा काखेपासून फार खाली उतरलेला असतो. अशा वेळी बाही कितीही सैल केली तरी तो ब्लाउज वर चढतच राहणार. त्याला बाही काढून काखेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोड, घालावी लागते किंवा नवीन बाही लावावी लागते. पुष्कळ बायका मुंढ्याचा त्रास बाहीच्या नावावर सांगतात, टेलरही बाही सैल करून देतो आणि त्रास तसाच राहतो. म्हणून हात उचलून पाहायचा प्रश्न मी कधी चुकवत नाही.

मग मी त्यांना मापं मागितली. दंडाचं माप उघड्या दंडावर घ्यायचं, हात सैल सोडून, स्नायू न आवळता, दंड सगळ्यात जाड असेल तिथे. टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. आणि दोन्ही हातांचं घ्यायचं. ज्या हाताने जास्त काम होतं तो दंड थोडा जाड असतो, आणि घट्टपणाची पहिली तक्रार त्याच बाजूची येते. त्यांचा उजवा दंड साडेबारा इंच निघाला, डावा सव्वाबारा. इकडे मी बाही सपाट ठेवून काखेपासून दोन इंच खाली मोजली. दुमडलेली सव्वासहा, म्हणजे पूर्ण घेर साडेबारा इंच.

म्हणजे उजव्या हाताला दंड जेवढा, बाही तेवढीच. हे कसं झालं असेल, तेही त्यांच्या बोलण्यातून कळलं. शिवायला देताना त्यांनी मापाचा ब्लाउज म्हणून रोज वापरातला जुना सुती ब्लाउज दिला होता. जुनं सुती कापड धुऊन धुऊन मऊ पडतं, अंगावर थोडं ताणतं, आणि त्याला अस्तरही नव्हतं. तीच मापं कडक रेशमाला आणि अस्तराला लावली की बाही कागदावर बरोबर आणि अंगावर घट्ट होते. रेशीम ताणत नाही, आणि आतल्या अस्तराचा आणि शिवणींचा जाडपणा घेरातूनच जातो. कोपरापर्यंतच्या, न ताणणाऱ्या बाहीला दंडाच्या मापापेक्षा निदान एक इंच मोकळीक हवी, तरच हात वाकवून विरुद्ध खांद्यावर ठेवता येतो. म्हणजे मला घेर साडेतेरा करायचा होता.

आता प्रश्न, आत कापड आहे का? ब्लाउज उलटा केला. बाहीच्या शिवणीबाहेर पाऊण इंच माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, होती. चांगली गोष्ट. पण नुसती रेशमाची माया बघून भागत नाही, अस्तराचीही बघावी लागते. कित्येकदा रेशमाला भरपूर माया सोडतात आणि अस्तर मात्र अगदी कडेला कापलेलं असतं. मग रेशीम सैल होतं आणि अस्तर दंडाला आवळून धरतं. इथे दोन्ही कापडं एकत्र धरून शिवली होती आणि माया सारखी होती.

काखेत आणखी एक गोष्ट पाहिली. बाहीची शिवण आणि बाजूची शिवण काखेत एकमेकींना मिळतात, आणि तिथे वळण असल्यामुळे कापड ओढू नये म्हणून मायेत छोटे काप देतात. काप शिवणीपर्यंत खोल असतील, तर तिथे शिवण बाहेर सरकवता येत नाही, कारण ती कापांवरून जाईल आणि कापड तिथेच फाटेल. या ब्लाउजचे काप मायेच्या बाहेरच्या अर्ध्या इंचातच होते. त्यामुळे काखेत मला फक्त पाव इंच सरकायला जागा होती.

इथे हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. बाहीला शिवण एकच, पण त्या शिवणीत दोन पदर असतात. शिवण अर्धा इंच बाहेर सरकवली की दोन्ही पदरांतून अर्धा-अर्धा इंच मोकळा होतो आणि घेर एक इंचाने वाढतो. अंगाला मात्र दोन बाजू आहेत. तीच अर्ध्या इंचाची शिवण काखेतून तशीच खाली कमरेपर्यंत नेली, तर प्रत्येक बाजूला एक, म्हणजे छातीत एकूण दोन इंच वाढतील. बाही सैल करायला दिली आणि ब्लाउज छातीत ढगळ होऊन परत आला, या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. बाही आणि बाजू एका दमात शिवण्याची सवय हाताला असते, म्हणून उसवणारा शिवणही त्याच ओघात खालपर्यंत नेतो.

म्हणून शिवण कुठे सुरू होणार, कुठे सगळ्यात जास्त बाहेर जाणार आणि कुठे जुन्या शिवणीला मिळणार, हे आधी खडूने आखलं. मोहरी मोकळी होतीच, तिला हात लावायचा नव्हता. जरीकाठाच्या वरच्या कडेला नवी शिवण जुनीपासून सुटेल, तिथून वर चढत काखेपासून दोन इंचावर अर्धा इंच बाहेर जाईल, काखेत येताना पाव इंचावर येईल, आणि बाजूला अडीच इंच खाली उतरून जुन्या शिवणीत मिळेल. यामुळे काखेच्या रेषेत अंगात एकूण एक इंच वाढतो खरा, पण छातीच्या मुख्य रेषेपर्यंत येता येता तो संपतो. काठ न उसवल्यामुळे मोहरीची मूळ दुमडही शाबूत राहते, आणि दोन्ही बाजूंचे जरीचे पट्टे जुळलेले आहेत तसेच राहतात.

एवढं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, की आता नेमकं काय करायचं ते तुम्हीच एकदा नीट लिहून पाठवा, म्हणजे तुमच्याकडे आणि माझ्याकडे एकच मजकूर राहील. हा आग्रह मी नेहमी धरते. त्यांनी पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते:

«ताई, रेशमी ब्लाउजची दोन कामं आहेत.

एक, दोन्ही बाह्या फक्त वरच्या दंडात सैल करायच्या. उजवा दंड साडेबारा, डावा सव्वाबारा आहे. बाहीचा घेर तिथे साडेबारा आहे, तो साडेतेरा हवा. मोहरी, बाहीची लांबी आणि छाती आहे तशीच ठेवा. काठ उसवू नका.

दोन, ब्लाउजची खालची उंची कमी करायची, बाहीची नाही. सध्या पाठीमागे खांद्यापासून १५ इंच आहे. बसल्यावर खालची कड पोटावर वळते. किती कमी करायची ते बाही झाल्यावर घालून ठरवू. रेशीम कापू नका, आत दुमडा.

आधी फक्त बाही करा. मी घालून बघून सांगते, मग उंचीचं करा. आत माया पुरली नाही किंवा जुन्या शिवणीची भोकं दिसायला लागली, तर पुढे करण्याआधी मला कळवा.»

हा मजकूर मला आवडतो तो त्यातल्या नकारांमुळे. काय करायचं ते सगळेच सांगतात, पण कशाला हात लावायचा नाही हे क्वचितच कुणी सांगतं, आणि टेलरला त्याचीच जास्त गरज असते. मोहरी तशीच ठेवा म्हटल्यावर मला काठ उसवायचा मोह उरला नाही. बाहीची नाही, ब्लाउजची उंची, हे चार शब्द नसते तर दुसऱ्या कुणी जरीकाठ वर दुमडून ठेवला असता. आणि आताचं माप आणि हवं असलेलं माप दोन्ही दिल्यामुळे माझी टेप आणि त्यांची टेप जुळते की नाही, हेही लगेच तपासता आलं.

शेवटच्या वाक्यातल्या भोकांबद्दल सांगायला हवं. सुती कापडावर जुन्या सुईची भोकं पाणी आणि इस्त्रीने बरीचशी बुजतात. रेशीम, टिश्यू, साटन यांच्यावर ती राहू शकतात. म्हणून पूर्ण शिवण उसवण्याआधी मी काखेजवळचा इंचभर भाग, जो हात खाली असताना दिसत नाही, तेवढाच उसवते. दोरा काढल्यावर तिथे बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. नखाने कापडाचे धागे आडवे-उभे हलके सारायचे, वर ओलसर सुती फडकं ठेवून इस्त्री टेकवायची आणि उजेडात बघायचं. या रेशमावर ओळ जवळून दिसत होती, हातभरावरून नाही. शिवाय ती दंडाच्या आतल्या बाजूला येणार होती. मी फोटो पाठवला, त्यांनी चालेल म्हटलं. रंगाचाही फरक इथेच कळतो. जुन्या ब्लाउजची आत दडलेली माया ताज्या रंगाची असते आणि बाहेर आली की गडद पट्टी दिसते. हा ब्लाउज नवा होता, म्हणून तो प्रश्न आला नाही.

नवी शिवण मी जुनी न उसवता, आखलेल्या खडूवरून आधी मारली, आणि मग जुनी उसवली. आधी उसवलं की रेशीम आणि अस्तर एकमेकांवरून घसरतात आणि काखेतली जुळलेली फुली हलते. डाव्या बाहीलाही अर्धा इंचच सोडला. दंड पाव इंचाने लहान असला तरी दोन बाह्या समोरून सारख्या दिसायला हव्यात.

माया नसती तर? अस्तराचं आणि रेशमाचं उरलेलं कापड असेल, तर काखेत चौकोनी कळी घालता येते. ती हात खाली असताना झाकलेली राहते आणि दंडाला वरच्या भागात मोकळीक देते. पण घट्टपणा काखेपासून तीन-चार इंच खालपर्यंत असेल, तर कळी पुरत नाही. मग शिवणीत लांब पट्टी घालावी लागते, आणि काठ असेल तर पट्टी मोहरीपर्यंत न नेता मध्येच निमुळती करून संपवावी लागते. खालून उंची कमी करताना निघणारं कापड बाहीला वापरा, असं पुष्कळजणी सुचवतात. हिशेब केला तर ते जमत नाही. उंची पाऊण इंचाने कमी केली आणि नवी दुमड जुनीएवढीच ठेवली, तर हातात फक्त पाऊण इंचाची पट्टी येते. तिच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत गेला की उरतो पाव इंच. तेवढ्यासाठी दोन शिवणी घालण्यात अर्थ नाही.

बाह्या झाल्यावर ब्लाउज त्यांच्याकडे गेला. हा एक फेरा लोकांना नकोसा वाटतो, पण तो मी टाळू देत नाही. घट्ट बाही हात हलवताना अंगही ओढते, त्यामुळे खालची कड खरी कुठे बसते हे बाही मोकळी होईपर्यंत कळत नाही. त्यांना मी सांगितलं होतं, की साडी नेहमी नेसता तिथेच नेसा, सगळे हुक लावा, खालची कड आत दुमडून टाचण्या लावा, मग खुर्चीवर बसा आणि दोन्ही हात वर करा. टाचण्या बारीक हव्यात आणि शिवणीतच टोचायच्या, रेशमाच्या मोकळ्या भागात नाही. त्यांना मनातून इंचभर कमी हवं होतं. एक इंच दुमडून हात वर केल्यावर पुढची कड छातीखालच्या रेषेवर येत होती, पाऊण इंचावर ती जागेवर राहत होती आणि बसल्यावर वळतही नव्हती. पाऊण ठरलं. पाठीमागे सव्वाचौदा.

खालची दुमड वरवर सोपी दिसते, पण तिच्यात एक अडचण आहे. ब्लाउज छातीकडून खाली निमुळता होत जातो. म्हणजे जो भाग वर दुमडायचा तो, ज्या भागावर तो बसणार त्याच्यापेक्षा अरुंद असतो. तसाच दुमडून शिवला तर आतला पदर ओढतो आणि बाहेरून कडेला बारीक चुण्या पडतात. घातल्यावर कड आत वळल्यासारखी दिसते. जुनी दुमड पाऊण इंचाची होती, आता ती दीड इंच होणार होती, म्हणजे ही ओढ आणखी वाढणार. उपाय असा, की दुमडीत जाणाऱ्या भागापुरतीच बाजूची शिवण उसवून थोडी बाहेर काढायची आणि टक्सचीही खालची टोकं तेवढीच मोकळी करायची. दुमडल्यावर आतला पदर बाहेरच्या पदराएवढा रुंद झाला की कड सपाट बसते.

दीड इंचाची दुमड रेशीम आणि अस्तर दोन्हींची ठेवली तर कड जाड होते आणि पातळ साडीतून तिची रेघ उमटते. त्यांनी रेशीम कापू नका म्हटलं होतं, अस्तराबद्दल काही नव्हतं. मी विचारून घेतलं आणि फक्त अस्तर नव्या कडेपाशी कापलं. पुढेमागे उंची वाढवायची झाली, तर रेशीम आहे, अस्तराला जोड देता येईल. दुमड हातशिलाईने घातली. मशीनची शिवण बाहेरून दिसते, आणि पुन्हा उसवायची वेळ आली तर रेशमावर ठिपक्यांची आणखी एक ओळ पडते.

कटोरी ब्लाउज असता तर हे सगळं असं झालं नसतं. त्याला खाली वेगळी पट्टी जोडलेली असते. ती दुमडून अरुंद केली की कटोरीखालचा आधार जातो. तिथे पट्टी सोडवून पुन्हा जोडावी लागते आणि वरची जागा अगदी थोडीच मिळते. कटोरी ब्लाउजची उंची कमी करायला सांगताना आधी टेलरला विचारा, की पट्टीतून किती निघेल.

शेवटी हुक. जुना शेवटचा हुक खालच्या कडेपासून अर्ध्या इंचावर होता. पाऊण इंच वर गेल्यावर तो दुमडीत अडकला. तो आणि त्याच्यासमोरचं काज काढून नव्या कडेपासून पाव इंच वर पुन्हा लावलं. त्याच्यावरच्या हुकाशी अंतर आता थोडं कमी झालं, ते चालतं. हुक न हलवता तसाच काढून टाकला असता, तर खालचा इंचभर भाग मोकळा राहून पुढून उघडला असता. उंची कमी करायला देताना निरोपात हुकाचा उल्लेख कुणीच करत नाही. टेलरने तो न सांगता करायला हवा, आणि ब्लाउज हातात आल्यावर आधी तिथेच बघावं.

ब्लाउज नेताना त्यांनी विचारलं, «ताई, अजून सैल होईल का पुढे कधी?» दंडात पाव इंच माया उरली आहे, पण ती शिवण टिकायलाच लागते. काखेत तर काप आड येतात. म्हणजे बाही आता इथेच थांबली, पुढे लागलं तर कळीच. आत कुठे किती उरलं ते मी चिठ्ठीवर लिहून ब्लाउजसोबत दिलं: «दंडघेर साडेतेरा, माया पाव, काखेत वाढ नाही. खाली रेशीम दीड इंच आत, अस्तर कापलेलं.» त्यांनी चिठ्ठीचा फोटो काढून त्याच निरोपाखाली टाकला.